लहरीच्या शेपटीत काय दडलंय?

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे, कॅसेट घालून खेळायचे व्हिडिओ गेम ज्यांनी खेळले, त्यांच्या कानात 'मारिओ'ची धून अजून असेल. बाजारात मिळणारे ते बहुतेक डबे जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 1983 साली काढलेल्या 'फॅमिकॉम'च्या नकला होत्या. मूळ यंत्रातल्या आवाजाच्या चिपकडे सुरांसाठी मोजकीच साधनं होती : चौरस लहरींच्या जातीच्या दोन वाहिन्या आणि त्रिकोणी लहरीची एक. वरची चाल बहुधा चौरस लहरी वाजवत आणि खालचा खर्ज त्रिकोणी लहर सांभाळे. चौरस लहरीचा आवाज कर्कश, पिपाणीसारखा. त्रिकोणीचा मऊ, जवळजवळ बासरीसारखा. दोन्ही एकाच पट्टीत वाजवल्या तरी हा फरक राहतोच.

त्याचं कारण फ्रेंच गणिती जोसेफ फूरिए यांच्या कामात सापडतं. उष्णता घन पदार्थांतून कशी पसरते याचा अभ्यास करताना त्यांनी 1807 मध्ये मांडलं, की पुन्हा पुन्हा येणारी कोणतीही लहर साध्या साइन लहरींची बेरीज म्हणून लिहिता येते. मूळ लहर, तिच्या दुप्पट वेगाची, तिप्पट वेगाची, असं पुढे चालू. या प्रत्येक घटक लहरीला हार्मोनिक म्हणतात आणि ती किती प्रमाणात घ्यायची ते सांगणारा आकडा म्हणजे तिचा सहगुणक. 'कोणतीही' हा शब्द त्या काळच्या मातब्बर गणितज्ञांना पचला नाही. लाग्रांज तर शेवटपर्यंत बधले नाहीत, आणि त्यांची शंका अगदीच पोकळ होती असंही नाही.

आपल्या दोन लहरी अशा लिहिता येतात. दोन्ही +1 आणि −1 यांच्यामध्ये फिरतात.

चौरस : (4/π) [ sin x + (1/3) sin 3x + (1/5) sin 5x + … ]

त्रिकोणी : (8/π²) [ sin x − (1/9) sin 3x + (1/25) sin 5x − … ]

दोन्हींत फक्त विषम हार्मोनिक आहेत. फरक आहे तो सहगुणक किती झपाट्याने घटतात यात. चौरस लहरीत n क्रमांकाचा हार्मोनिक पहिल्याच्या 1/n असतो, त्रिकोणीत 1/n². तिसऱ्यापाशी ही तुलना 33 टक्के विरुद्ध 11 टक्के अशी आहे. 101व्यापाशी चौरस लहरीत अजून जवळपास एक टक्का शिल्लक असतो, त्रिकोणीत मात्र एका टक्क्याचा शंभरावा भाग. कानाला जे कर्कश वाटतं ते हेच : वरचे हार्मोनिक विरायला तयार नसतात.

पण ते एका लहरीत लवकर विरतात आणि दुसरीत रेंगाळतात, ते का? लहरींचे आकार कागदावर काढून पाहावेत. चौरस लहर +1 वरून एका क्षणात −1 वर कोसळते, रेघच तुटते. त्रिकोणी लहरीची रेघ कुठेही तुटत नाही, मात्र शिखरावर आणि तळाशी टोक असतं. तिथे उंची सलग राहते, चढ मात्र अचानक बदलतो. साइन लहरी स्वतः कमालीच्या गुळगुळीत असतात. त्यांच्यातून तुटलेली रेघ उभी करायची तर फार बारीक, वेगवान लहरी भरपूर प्रमाणात ओताव्या लागतात. टोक त्यामानाने कमी लहरींत भागतं.

यामागचा हिशेब बारावीच्या विकलनात बसतो. sin nx चं विकलन केलं की n cos nx मिळतं, म्हणजे दर विकलनाला n क्रमांकाच्या घटकाचा सहगुणक n पट होतो. त्रिकोणी लहरीचं विकलन म्हणजे तिचा चढ. तो आधी एकसारखा वर, मग एकसारखा खाली, म्हणजे चौरस लहरच झाली! सहगुणकही तेच सांगतात : 1/n² ला n ने गुणलं की 1/n. आता चौरस लहरीचं विकलन करून पाहिलं तर 1/n ला n ने गुणून 1 उरतो आणि सहगुणक घटायचेच थांबतात. चौरस लहरीचा चढ सगळीकडे शून्य आणि तुटीच्या जागी अनंत असल्यावर दुसरं काय होणार? उलट्या दिशेने, प्रत्येक संकलन लहरीला एक पायरी गुळगुळीत करतं आणि सहगुणकांना आणखी एका n ने भागतं.

या फरकाची किंमत बेरीज अर्ध्यावर थांबवली की कळते. दोन्ही श्रेणींची पहिली पाच पदं, म्हणजे नवव्या हार्मोनिकपर्यंतची, घेऊ. त्रिकोणी लहर सर्वांत जास्त चुकते ती शिखरावर : 1 च्या जागी 0.96 येतं. पन्नास पदं घेतली की चूक 0.004 वर येते. चौरस लहरीत मात्र तुटीच्या अगदी शेजारी बेरीज 1 ओलांडून 1.18 पर्यंत उसळते. पन्नास पदं घ्या, पाच हजार घ्या. उसळी अरुंद होत तुटीकडे सरकते, पण उंची 1.179 च्या खाली येत नाही. म्हणजे उडीच्या सुमारे नऊ टक्के. हेन्री विल्ब्रहॅम या इंग्रज गणितज्ञाने 1848 मध्येच हे दाखवलं होतं, पण ते विस्मृतीत गेलं. अमेरिकन शास्त्रज्ञ विलार्ड गिब्ज यांनी 1899 मध्ये 'नेचर'ला लिहिलेल्या पत्रातून ते पुन्हा समोर आलं, आणि नाव त्यांचंच लागलं.

आता पुन्हा त्या गेमच्या चिपकडे. तिची त्रिकोणी लहर खरी त्रिकोणी नव्हतीच. उंचीच्या फक्त 16 पातळ्या उपलब्ध, म्हणून लहर एका आवर्तनात 32 टप्प्यांनी उतरे आणि चढे. ती खरं तर जिना आहे, आणि जिन्याची प्रत्येक पायरी ही छोटीशी तूटच. सुरुवातीचे हार्मोनिक पाहिले तर शंका येत नाही. तिसरा जवळपास 1/9, पाचवा जवळपास 1/25. पण 31व्या हार्मोनिकपाशी सोंग उघडं पडतं. खऱ्या त्रिकोणी लहरीत तो पहिल्याच्या 1/961 असायला हवा. या जिन्यात तो बरोबर 1/31 निघतो, म्हणजे थेट चौरस लहरीच्या हिशेबाने! 33वाही तसाच, 1/33. खर्जाचा सूर 110 हर्ट्‌झचा असेल तर हे दोन हार्मोनिक 3410 आणि 3630 हर्ट्‌झला येतात, आणि तिथे कान चांगलाच तीक्ष्ण असतो. मऊ खर्जामागे ऐकू येणारी ती बारीक भुणभुण म्हणजे जिन्याच्या पायऱ्या.

म्हणून पहिल्या चार-सहा सहगुणकांवरून गुळगुळीतपणाचा निवाडा करणं धोक्याचं. तो शेपटीवरूनच करावा. शेपटीतही दिसतो तो लहरीतला सर्वांत वाईट दोष. एक जरी तूट असली तरी बाकी लहर कितीही गुळगुळीत असून सहगुणक 1/n पेक्षा लवकर घटणार नाहीत. उलट निष्कर्ष काढताना जपून राहायला हवं. 1/n² ने घटणाऱ्या सहगुणकांची बेरीज मर्यादित राहते, त्यामुळे तिथे रेघ सलग आहे याची खात्री मिळते. पण 1/n दिसलं म्हणजे चौरस लहरीसारखी उडीच असेल असं नाही. cos x + (1/2) cos 2x + (1/3) cos 3x + … या श्रेणीतही सहगुणक 1/n चेच आहेत, आणि तिची बेरीज शून्यापाशी उडी न घेता सरळ अनंताकडे जाते.

हे सारं घरबसल्या पाहता येतं. आवाजाच्या संपादनाचं, वर्णपट दाखवणारं कोणतंही सॉफ्टवेअर घ्यावं आणि 110 हर्ट्‌झची चौरस व त्रिकोणी लहर तयार करून वर्णपट उघडावा. तिसरा हार्मोनिक 330 हर्ट्‌झला दिसेल : चौरस लहरीत पहिल्यापेक्षा साधारण साडेनऊ डेसिबलने खाली, त्रिकोणीत एकोणीस डेसिबलने. पुढे वारंवारता दुप्पट होईल तशी एकीची शिखरं सहा डेसिबलने उतरतील आणि दुसरीची बाराने.