चौकटी शेजारी, पट्ट्या वेगळ्या

भारत, डेन्मार्क आणि रवांडा या तीन देशांचं आयुर्मान १९५२ ते २००७ या काळात कसं बदललं, हे एकाच चित्रात दाखवायचं आहे. 'गॅपमाइंडर' या नावानं आर भाषेत मिळणाऱ्या माहितीसंचात १४२ देशांचे असे आकडे दर पाच वर्षांच्या अंतरानं दिलेले आहेत. तीन देशांच्या तीन रेषा एकाच आलेखात न काढता तीन छोट्या चौकटी शेजारी शेजारी मांडायच्या, याला जीजीप्लॉट वापरणारे 'फॅसेट करणं' म्हणतात. हॅडली विकहॅम यांचं हे आलेखसाधन आज संशोधनात आणि वृत्तपत्रांतही सर्रास वापरलं जातं. सगळं काम तीन ओळींत होतं:

```r
ggplot(d, aes(year, lifeExp)) +
  geom_line() +
  facet_wrap(~ country, scales = "free_y")
```

यातला शेवटचा तुकडा, `scales = "free_y"`, नीट समजून घेण्यासारखा आहे. तो लिहिला नाही, तर तिन्ही चौकटींना उभ्या अक्षावर एकच मापपट्टी मिळते. लिहिला, तर प्रत्येक चौकट आपल्यापुरती पट्टी ठरवते. त्या देशाचा सर्वांत लहान आकडा तळाशी, सर्वांत मोठा वर, आणि दोन्हीकडे थोडी मोकळी जागा. मग प्रत्येक रेषा आपली चौकट जवळजवळ पूर्ण भरते. चित्र देखणं होतं, कुठेही जागा वाया जात नाही, म्हणून हा तुकडा लिहायचा मोह होतो.

आता आकडे पाहू. भारताचं आयुर्मान १९५२ मध्ये ३७.४ वर्षं होतं, ते २००७ मध्ये ६४.७ झालं. म्हणजे सव्वासत्तावीस वर्षांहून थोडी जास्त वाढ. डेन्मार्कचं ७०.८ वरून ७८.३ वर गेलं. वाढ साडेसात वर्षांची. पण मोकळ्या पट्टीच्या चित्रात या दोन्ही रेषा डाव्या खालच्या कोपऱ्यातून निघून उजव्या वरच्या कोपऱ्यात पोचतात. चौकटीची उंची सहा सेंटिमीटर धरली, तर भारताच्या चौकटीत आयुष्याचं एक वर्ष साधारण दोन मिलिमीटरचं असतं आणि डेन्मार्कच्या चौकटीत तेच वर्ष सात मिलिमीटरचं. वाचणाऱ्याचा डोळा मात्र मिलिमीटर पाहतो. दोन चढ सारखे दिसले की दोन्ही देशांनी सारखीच मजल मारली असं तो धरून चालतो, आणि भारताची साडेतीन पटींहून मोठी झेप त्याच्या लक्षातच येत नाही.

इथे कोणी म्हणेल, अक्षावर आकडे छापलेले आहेतच की. आहेत, पण ते बारीक अक्षरांत असतात आणि चढ आधी दिसतो. शिवाय चौकटी एका ओळीत, एकाच आकाराच्या मांडल्या म्हणजे 'यांची तुलना करा' असंच आपण वाचकाला सांगत असतो. त्या मांडणीनं दिलेलं आश्वासन पट्टी मोडते. माझ्या मते दोष वाचकाच्या आळसाचा नाही, आलेख करणाऱ्याचाच आहे.

म्हणून सरसकट एकच पट्टी ठेवावी का? तसंही नाही. रवांडाचं आयुर्मान १९९० च्या दशकातल्या यादवी युद्धाच्या काळात कोसळलं. या संचात १९८७ साली ४४ असलेला आकडा १९९२ च्या बिंदूवर २३.६ दाखवला आहे. समान पट्टीला एवढं खाली उतरावं लागतं आणि दुसरीकडे डेन्मार्कच्या ७८ पर्यंत चढावं लागतं. त्या पसाऱ्यात डेन्मार्कची रेषा चौकटीचा जेमतेम आठवा हिस्सा व्यापते, जवळपास सपाट. आणि तिच्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे: १९७७ मध्ये ७४.६९, १९८२ मध्ये ७४.६३, १९८७ मध्ये ७४.८०. दहा वर्षं आयुर्मान हललंच नाही. धूम्रपान, विशेषतः स्त्रियांमधलं, हे त्यामागचं एक प्रमुख कारण मानलं जातं. मोकळ्या पट्टीत ही पायरी चटकन नजरेत भरते, समान पट्टीत ती शोधूनही सापडत नाही.

तेव्हा आधी प्रश्न ठरवायचा. 'या देशात कधी काय घडलं?' असा प्रश्न असेल तर मोकळी पट्टी योग्य. 'कोणाची वाढ किती?' असा असेल तर ती दिशाभूल करते.

एककंच वेगळी असतील तर मोकळ्या पट्टीला पर्याय नसतो. जीजीप्लॉटसोबतच येणाऱ्या `economics_long` या संचात अमेरिकेची लोकसंख्या हजारांत, ग्राहकखर्च अब्ज डॉलरांत आणि बचतीचा दर टक्क्यांत आहे. लाखांच्या घरातल्या आकड्यांना आणि वीसच्या आतल्या टक्क्यांना एकच पट्टी लावली तर बचतीची रेषा तळाला चिकटून बसेल. पण इथेही सावध राहावं लागतं. १९६७ ते २०१५ या काळात ग्राहकखर्च सुमारे ५०७ अब्ज डॉलरांवरून बारा हजार अब्जांपलीकडे गेला, म्हणजे जवळपास चोवीस पट झाला. लोकसंख्या तेवढ्याच काळात साधारण साठ टक्क्यांनी वाढली. दोन्ही चौकटींत रेषा मात्र तळातून माथ्यापर्यंत जाते, कारण लोकसंख्येची पट्टी शून्यापासून नव्हे, वीस कोटींच्या आसपास सुरू होते.

तपशीलही हवा आणि तुलनाही हवी, अशी वेळ बऱ्याचदा येते. त्यावर एक उपाय जीजीप्लॉटमध्येच आहे, पण तो फारसा वापरला जात नाही:

```r
facet_grid(country ~ ., scales = "free_y",
           space = "free_y")
```

यात चौकटी एकाखाली एक येतात आणि प्रत्येकीची उंची तिच्या पट्टीच्या पल्ल्यानुसार ठरते. भारताची चौकट उंच होते, डेन्मार्कची बुटकी, पण आयुष्याचं एक वर्ष सगळीकडे तेवढ्याच मिलिमीटरचं राहतं. चढ खरे दिसतात. पल्ल्यांमध्ये फारच तफावत असेल तर बुटकी चौकट वाचण्यापलीकडे जाते, ही याची मर्यादा. तशा वेळी १९५२ च्या आकड्यापासून झालेली वाढच काढावी आणि ती समान पट्टीवर मांडावी. भारत शून्यावरून २७ वर जाईल, डेन्मार्क साडेसातवर थांबेल, आणि रवांडा मध्येच शून्याच्या बराच खाली जाऊन परत वर येईल.

दीपायन सरकार यांच्या लॅटिस या जुन्या साधनात याहून सरळ सोय आहे. तिथे पट्टी समान किंवा मोकळी ठेवता येतेच, पण `"sliced"` असा तिसरा पर्यायही आहे: प्रत्येक चौकटीची सुरुवात वेगळी, पल्ला मात्र सारखाच. जीजीप्लॉटच्या `scales` मध्ये हा पर्याय नाही. तिथे प्रत्येक चौकटीत न दिसणारे दोन बिंदू `geom_blank` वापरून ठेवावे लागतात, म्हणजे सगळ्या पट्ट्या, समजा तीस वर्षांच्या, सारख्या पल्ल्याच्या होतात.

स्तंभालेखाला मोकळी पट्टी मी देऊच नये म्हणेन. स्तंभाची उंची हीच संख्या म्हणून वाचली जाते, आणि मोकळ्या पट्टीत प्रत्येक चौकटीतला सर्वांत मोठा स्तंभ सारख्याच उंचीचा होतो, मग तो दहाचा असो की दहा हजारांचा.

आलेख करणाऱ्यांनी पट्ट्या वेगळ्या ठेवल्या असतील तर ते चित्राखाली शब्दांत लिहावं, अक्षावरच्या बारीक आकड्यांवर सोपवू नये. आणि वाचकांनी चौकटींची रांग दिसली की प्रत्येकीच्या डाव्या कडेचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा आकडा आधी वाचावा, चढ नंतर पाहावा. दुसऱ्या चौकटीपासून डावीकडे आकडेच नसतील, तर जीजीप्लॉटच्या नेहमीच्या मांडणीत पट्टी सगळ्यांना एकच आहे.