दोन फोनांच्या तालावर एक इअरबड

कामाचा एक फोन आणि घरचा एक, असे दोन फोन बाळगणारे आता पुष्कळ आहेत. कानात मात्र इअरबडचा एकच संच असतो. दोन्ही फोन त्याला जोडले की काही वेळ बरं चालतं, मग गाणं अडखळतं, बोलणं तुटतं. लोक बॅटरीला दोष देतात, कंपनीला शिव्या घालतात. खरं तर पहिला संशय घ्यावा तो त्या क्षणी गप्प बसलेल्या फोनवर.

आधी एक गोष्ट तपासून घ्यावी. इअरबड अनेक फोन लक्षात ठेवतात, म्हणून ते सगळ्यांशी एकाच वेळी जोडलेले राहतात असं नाही. त्यासाठी ‘मल्टिपॉइंट’ ही सोय लागते. ती नसेल तर दुसरा फोन जोडताना पहिला सुटणारच. तिथे खटपट व्यर्थ आहे. काही संचांत सोय असते, पण कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन ती चालू करावी लागते. ॲपलचे एअरपॉड एकाच ॲपल खात्यावरच्या उपकरणांत आपोआप उडी मारतात. पण एक आयफोन आणि एक अँड्रॉइड असेल, तर ते दोघांशी एकदम जोडलेले राहत नाहीत.

मल्टिपॉइंट असूनही जोडणी का तुटते? ब्लूटूथचा फोन एका जागी बसून बोलत नाही. 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात 79 वाहिन्या आहेत आणि फोन सेकंदाला 1600 वेळा वाहिनी बदलू शकतो. कधी कोणत्या वाहिनीवर जायचं हे फोनचं घड्याळ ठरवतं, आणि इअरबडला त्याच्यामागे जावं लागतं. दोन फोन म्हणजे दोन स्वतंत्र घड्याळं. दोन गवयांना एकाच वेळी साथ करणाऱ्या तबलजीसारखी इअरबडची गत होते: क्षणभर याचा ताल, क्षणभर त्याचा. एरवी हे आपल्या लक्षात येत नाही, कारण गाण्याचा थोडा भाग इअरबडमध्ये आधीच येऊन साठलेला असतो. कॉलमध्ये एवढा साठा करता येत नाही, नाहीतर समोरच्याचं बोलणं उशिरा पोचेल. म्हणून गाण्याच्या आधी कॉल तुटू लागतो.

आता असं समजा, एक विमा एजंट बाई घरच्या फोनवर गाणी ऐकत स्वयंपाक करताहेत. ऑफिसचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला आहे, मध्ये दोन भिंती. त्याची लहर जेमतेम पोचते आहे. हरवलेले तुकडे पुन्हा पुन्हा मागवण्यात इअरबडचा वेळ जाऊ लागतो. शेवटी तो फोन पूर्ण ऐकू येईनासा होतो. तरी जोडणी लगेच तुटत नाही. ब्लूटूथमध्ये ही मुदत मुळात 20 सेकंदांची धरलेली आहे, अर्थात कंपन्या ती बदलू शकतात. मुदत संपली की इअरबड हरवलेल्या फोनला हाका मारू लागतात, आणि त्या हाकांमध्ये चालू गाण्याचा वेळ खर्ची पडतो. साठा संपतो, गाणं अडखळतं. बाई ओट्यावरचा फोन उलटापालटा करून पाहतात. त्या बिचाऱ्या फोनची काहीच चूक नसते!

दुसरा प्रकार वेगळा आहे. गाणं एकदम थांबतं आणि त्याच सुमारास दुसऱ्या फोनवर मेसेज आलेला असतो. इथे जोडणी तुटलेली नसतेच. मेसेजच्या ‘टिंग’ने आवाजाची वाट बळकावलेली असते. अँड्रॉइडवर यावर चांगला इलाज आहे. दुसऱ्या फोनच्या ब्लूटूथ यादीत इअरबडच्या नावाशेजारच्या चक्रावर जा, `Media audio` बंद करा आणि `Phone calls` चालू ठेवा. मग तो फोन फक्त कॉलपुरताच इअरबडकडे येईल. आयफोनवर असे दोन वेगळे खटके नाहीत, तिथे मेसेजचा आवाज बंद ठेवणं बरं.

जोडणीच गोंधळलेली वाटली, तर दोन्ही फोनांवर इअरबड `Forget` करून नव्याने सुरुवात करावी. पहिला फोन जोडा, मग त्याचं ब्लूटूथ बंद करा. इअरबड पुन्हा पेअरिंगला लावून दुसरा फोन जोडा. शेवटी पहिल्याचं ब्लूटूथ चालू करून यादीतल्या इअरबडच्या नावावर बोट ठेवा. पहिल्याचं ब्लूटूथ बंद करायला विसरलात, तर तोच झडप घालतो आणि दुसऱ्याला संधी मिळत नाही.

दोष कुणाचा हे ओळखायचं असेल, तर दुसऱ्या फोनचं ब्लूटूथ एक दुपारभर बंद ठेवा. अडखळणं थांबलं, तर तो फोन जवळ बाळगा किंवा घरी असताना त्याचं ब्लूटूथ बंदच राहू द्या. थांबलं नाही, तर पहिला फोन मागच्या खिशातून काढून पुढे ठेवून पाहा, कारण शरीरातलं पाणी ही लहर शोषून घेतं. तरीही आवाज तुटत असेल, तर वॉरंटी आहे तोवर संच दुकानात दाखवावा.