चपलेतून घुसलेला खिळा

स्लॅबच्या फळीतला खिळा रबरी चपलेतून तळव्यात घुसतो. थेंबभर रक्त येतं, भोक मिटतं आणि माणूस कामाला लागतो. पण खिळ्याबरोबर माती आणि कधी चपलेच्या रबराचा तुकडाही आत गेलेला असतो.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पाच-दहा मिनिटं धुवा. सुईने कोरू नका, हळद-चुना भरू नका. खोल रुतलेला खिळा किंवा काटा डॉक्टरांनाच काढू द्या.

धनुर्वाताचे जंतू गंज नसलेल्या खिळ्यावरही असू शकतात. अशा मळक्या जखमेनंतर, शेवटच्या डोसला पाच वर्षं झाली असतील तर इंजेक्शन लवकर, शक्यतो त्याच दिवशी घ्यावं. दर सहा महिन्यांनी घेण्याची आपल्याकडची सवय मात्र अनावश्यक आहे. लहानपणीचे डोस अपुरे असतील तर तयार प्रतिपिंडांचं वेगळं इंजेक्शनही लागतं.

दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. दोन-तीन दिवसांनी ठणका वाढला, सूज, लाली, पू किंवा ताप आला, तर आत काहीतरी राहिलंय किंवा जंतुसंसर्ग हाडाकडे सरकतोय, अशी शंका घ्यावी. मधुमेहींचे तळवे बधिर असू शकतात. त्यांनी ठणक्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.