सावली कुणाची: चौकटीची की चपलेची?

कोल्हापुरी चपला विकणाऱ्या दुकानांच्या वेबसाइटवर एक गोष्ट हमखास दिसते. चपलेचा फोटो वरून काढलेला असतो, मागची जमीन नीट कापून टाकलेली असते आणि फिकट पिवळ्या पानावर चप्पल सुटी, मोकळी दिसावी अशी अपेक्षा असते. उठाव यावा म्हणून तिला सावली दिली जाते. पण सावली चपलेभोवती पडतच नाही. ती पडते चपलेपासून बोटभर लांब, एका न दिसणाऱ्या चौकोनाच्या कडेने. आत चप्पल, बाहेर धूसर चौकट आणि मध्ये नुसतंच पिवळं पान.

फोटो कापणाऱ्याचं इथे काही चुकलेलं नसतं. चुकते ती सावलीची निवड. वेबपानाची सजावट ज्या सीएसएस भाषेत लिहितात, तिच्यात सावली देण्याच्या दोन निरनिराळ्या सोयी आहेत. नावं सारखी वाटतात, पण दोघींचं काम मुळातच वेगळं आहे. पहिली ही:

```css
.chappal {
  box-shadow: 0 8px 16px rgb(0 0 0 / 0.35);
}
```

बॉक्स-शॅडोला फोटोत काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. फोटो ६०० पिक्सेल रुंद आणि ४०० पिक्सेल उंच असेल, तर ब्राउझरच्या लेखी तो तेवढ्या मापाचा एक आयत असतो. सावली त्या आयताचीच पडते. फार तर कोपरे गोल केले असतील, तर सावलीही गोल कोपऱ्यांची होते. शिवाय ब्राउझर ही सावली आयताच्या बाहेरच रंगवतो. आयताच्या आतला तिचा भाग तो कापून टाकतो. म्हणून पारदर्शक फोटोतून खाली पाहिलं, तर सावली नव्हे, पान दिसतं. आपल्याला पोकळ चौकट दिसते ती यामुळे. कापताना चपलेभोवती ४० पिक्सेलची रिकामी जागा राहिली असेल, तर सावलीही चपलेपासून तेवढीच लांब जाते.

दुसरी सोय अशी लिहितात:

```css
.chappal {
  filter: drop-shadow(0 8px 8px rgb(0 0 0 / 0.35));
}
```

इथे ब्राउझर आधी फोटो पूर्ण रंगवतो आणि मग प्रत्येक पिक्सेल किती अपारदर्शक आहे ते पाहतो. पीएनजी किंवा वेबपी फोटोत रंगाबरोबर ही माहितीही साठवलेली असते. नेहमीच्या पीएनजीत ती ० ते २५५ अशी मोजतात. ० म्हणजे पूर्ण आरपार, २५५ म्हणजे पूर्ण भरीव. या माहितीवरून चपलेचा एकरंगी ठसा तयार होतो. तो ८ पिक्सेल खाली सरकवून, कडा धूसर करून मूळ फोटोखाली ठेवला जातो. त्यामुळे सावली टाचेच्या गोलाईने वळते, पट्ट्याच्या कडेने जाते आणि अंगठ्याच्या पोकळीतही अंगठ्याची सावली उतरते. बॉक्स-शॅडोला ती पोकळी कधीच कळणार नाही.

वरच्या दोन ओळींत एक आकडा बदललेला आहे. पहिलीत धूसरपणा १६ पिक्सेल आहे, दुसरीत ८. तो मुद्दाम बदलला आहे. बॉक्स-शॅडोत दिलेल्या आकड्याचा निम्मा भाग धूसर करण्याच्या गणितात प्रमाण विचलन म्हणून धरला जातो, तर ड्रॉप-शॅडोत दिलेला आकडा हेच प्रमाण विचलन असतं. म्हणून तोच आकडा तसाच उचलला, तर ड्रॉप-शॅडोची सावली दुप्पट पसरट आणि पुसट येते. एकातून दुसऱ्यात जाताना हा आकडा निम्मा करावा.

नक्कल करताना याहून मोठा घोटाळा वेगळाच होतो. बॉक्स-शॅडोत चौथं माप देता येतं. त्याने सावली सगळ्या बाजूंनी फुगते किंवा आक्रसते. `inset` लिहून तीच सावली आतल्या बाजूलाही टाकता येते. ड्रॉप-शॅडोत या दोन्ही सोयी नाहीत. चौथं माप किंवा `inset` तिथे राहून गेलं, तर ब्राउझर तेवढंच वगळून पुढे जात नाही, ती अख्खी ओळच रद्द धरतो. सावली बिघडलेली दिसत नाही, नाहीशीच होते. तेव्हा सावली अजिबात दिसत नसेल, तर आधी कंसातली मापं मोजून पाहावीत.

कधी ड्रॉप-शॅडो नीट लिहूनही सावली चौकोनीच येते. अशा वेळी संशय फोटोवर घ्यावा. जेपेग फोटोत पारदर्शकता साठवताच येत नाही. त्यामुळे कापलेला फोटो जेपेग म्हणून जतन केला, की कापलेली जागा एखाद्या रंगाने, बहुधा पांढऱ्याने, भरली जाते आणि तो पुन्हा भरीव आयत होतो. पीएनजीतही कापताना पांढरे ठिपके किंवा पांढरी किनार उरलेली असू शकते. पांढऱ्या पानावर ती डोळ्यांना दिसत नाही. पण ड्रॉप-शॅडो रंग बघतच नाही, फक्त भरीवपणा बघते. म्हणून न दिसणाऱ्या पांढऱ्या ठिपक्याचीही काळसर सावली पडते आणि चपलेभोवती डाग उमटल्यासारखे दिसतात.

याची परीक्षा सोपी आहे. फोटोला तात्पुरता भडक पार्श्वरंग द्यावा:

```css
.chappal {
  background: magenta;
}
```

जिथे फोटो खरोखर पारदर्शक आहे, तिथे तो गुलाबी रंग दिसेल. जिथे पांढरं उरलं असेल, ते लगेच उघडं पडेल. तपासून झालं की ही ओळ न विसरता काढावी, कारण ती राहिली तर पार्श्वरंगामुळे आयत भरीव होतो आणि ड्रॉप-शॅडोही चौकोनी पडते.

ड्रॉप-शॅडो नेमकी कुठे लावायची, यालाही महत्त्व आहे. ती ज्या घटकावर लावली, त्याच्या आतलं सगळं मिळून एकच ठसा बनतो. पांढऱ्या कार्डात चप्पल, खाली नाव आणि किंमत असेल आणि फिल्टर कार्डावर लावला, तर सावली कार्डाची पडते, चपलेला वेगळी मिळत नाही. कार्डाला स्वतःचा पार्श्वरंगच नसेल, तर नावाच्या आणि किमतीच्या अक्षरांनाही सावली लागते आणि मजकूर मळकट दिसतो. अशा मांडणीत कार्डाला बॉक्स-शॅडो द्यावी आणि फिल्टर फक्त फोटोवर ठेवावा. कार्ड खरोखरच आयत आहे, तेव्हा आयताची सावली त्यालाच शोभते. मात्र कार्डावर `overflow: hidden` असेल, तर चपलेची सावली कार्डाच्या कडेला कापली जाईल. म्हणून फोटोभोवती पुरेशी जागा सोडावी.

ड्रॉप-शॅडोचीही एक मर्यादा आहे. तिला खोली कळत नाही. ती ठसा सरकवते आणि धूसर करते, एवढंच. वरून काढलेल्या चपलेला ही सावली खरी वाटते, कारण चप्पल सपाट पडलेली असते. तीच चप्पल बाजूने, उभ्या कोनातून टिपली असेल, तर खरी सावली तळाला चिकटून जमिनीवर पसरायला हवी. ड्रॉप-शॅडो दिली, तर चप्पल भिंतीवर चिकटवल्यासारखी दिसते. तिथे फोटो काढतानाच पडलेली सावली राखून ठेवावी किंवा ती फोटोतच रंगवून घ्यावी. थोडक्यात, घटकाचा आकार आयतच असेल तर बॉक्स-शॅडो, पारदर्शक फोटोतल्या सपाट वस्तूला ड्रॉप-शॅडो आणि जमिनीवर उभ्या दिसणाऱ्या वस्तूला फोटोतलीच सावली.