अकबर, अफजल, अदना : अरबी भाषेतला तुलनेचा साचा

अकबर, अफजल, अशरफ, अमजद, अकरम, अस्लम. ही नावे सावकाश उच्चारून पाहा. अक्-बर, अफ्-जल, अश्-रफ. प्रत्येक नाव ‘अ’ने सुरू होते, मग पहिले व्यंजन पाय मोडून उभे राहते आणि दुसऱ्या व्यंजनावर पुन्हा ‘अ’ येतो. सहाही नावे एकाच साच्यातून निघाली आहेत. त्या साच्याला अरबी व्याकरणात ‘अफ्अल’ म्हणतात आणि त्याचे काम तुलना करण्याचे आहे. अकबर म्हणजे अधिक मोठा, अशरफ म्हणजे अधिक कुलीन, अकरम म्हणजे अधिक उदार. अफजल म्हणजे अधिक श्रेष्ठ. मूळ अरबी उच्चारात तिथे ‘ज’ नसून ‘द’च्या जवळचा एक जड वर्ण आहे, फारसीतून आपल्याकडे येताना त्याचा ‘ज’ झाला.

अरबी शब्दांचा सांगाडा बहुधा तीन व्यंजनांचा असतो. ‘मोठेपणा’चा सांगाडा क-ब-र. त्यात एक स्वरमाला घातली की ‘कबीर’, म्हणजे मोठा. दुसरी घातली की ‘अकबर’. इथे ‘कबीर’ला मागे प्रत्यय जोडलेला नाही. ‘कबीर’मधले स्वर काढून टाकले, उरलेली तीन व्यंजने नव्या साच्यात बसवली. म्हणून मूळ विशेषणाचे रूप काहीही असले तरी तुलनेचे रूप एकच येते. सगीर (लहान) याचे असगर, सहल (सोपे) याचे अस्हल, करीब (जवळचे) याचे अकरब. साचा थोडा वाकतो तो दोनच ठिकाणी. शेवटची दोन व्यंजने सारखी असली तर ती एकमेकांना चिकटतात, म्हणून कलील (थोडे) याचे ‘अक्लल’ न होता ‘अकल्ल’ होते. आणि शेवटी अर्धस्वर असला तर तो विरघळून दीर्घ ‘आ’ उरतो, म्हणून गाली (महाग) याचे ‘अग्ला’. ‘अधिक चांगले’साठी येणारा ‘खैर’ आणि ‘अधिक वाईट’साठी येणारा ‘शर्र’ हे दोन जुने शब्द मात्र साच्याबाहेरच राहिले. त्यांना सुरुवातीचा ‘अ’ लागत नाही.

मराठीत विशेषण तुलनेसाठी स्वतः बदलत नाही. ‘मोठा’ हा ‘मोठा’च राहतो, तुलना ‘पेक्षा’ किंवा ‘हून’ करतात. संस्कृतातले ‘तर’ आणि ‘तम’ आपण उच्चतर, महत्तम अशा तयार शब्दांपुरते ठेवले. ‘मोठातर’ असे कोणी म्हणत नाही. अरबीत विशेषण आतून बदलते, पण तेवढ्याने भागत नाही. कोणाहून, हे सांगायला वेगळा शब्द लागतो. तो शब्द ‘मिन’. मिन म्हणजे ‘पासून’, ‘हून’. काहिराहून आलो म्हणायला जो मिन लागतो, तोच मिन काहिराहून मोठे म्हणायलाही लागतो. मराठी माणसाला हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही, कारण ‘पुण्याहून आलो’ आणि ‘पुण्याहून मोठे’ या दोन्हींत आपणही एकच ‘हून’ वापरतो.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. वाक्याच्या ओघात बदलणारे अंत्य स्वर सोपेपणासाठी गाळतो. ‘अल्-काहिरा अकबर मिन अल्-इस्कंदरिय्या’, म्हणजे काहिरा अलेक्झांड्रियाहून मोठे आहे. यात एक गोष्ट खटकायला हवी. अरबीत काहिरा हे नाव स्त्रीलिंगी आहे. अरबी विशेषण लिंग आणि वचनाबाबत फार काटेकोर असते, ‘मोठी’ म्हणायचे तर ‘कबीरा’ म्हणावे लागते. तरीही इथे ‘अकबर’ हेच पुल्लिंगी एकवचनी रूप आले. मुलगी मुलाहून मोठी असो, दोन शहरे तिसऱ्याहून मोठी असोत की अनेक माणसे दुसऱ्यांहून मोठी असोत, मागे ‘मिन’ आला की ‘अकबर’ हलत नाही. मराठीत याच्या नेमके उलटे आहे. आपले विशेषण तुलनेसाठी बदलत नाही, पण मोठा-मोठी-मोठे असे लिंगाप्रमाणे बदलायचे सोडत नाही. म्हणून आपल्याकडचे शिकणारे ‘ती त्याहून मोठी’ लिहिताना हटकून स्त्रीलिंगी रूप शोधायला जातात आणि चुकतात.

तेच वाक्य ‘सर्वांत मोठे’कडे न्यायचे झाले, तर दुसरा साचा लागेल असे वाटते. तो लागत नाही. इंग्रजीत ‘बिगर’ आणि ‘बिगेस्ट’ अशी दोन रूपे आहेत, अरबीत दोन्हींसाठी ‘अकबर’च. फरक पडतो तो शेजारी कोण बसले आहे त्यावरून. ‘मिन’ काढून ‘अकबर’च्या लगेच पुढे नाम ठेवले की अर्थ ‘सर्वांत’ होतो. ‘अल्-काहिरा अकबर मदीना फी मिस्र’, काहिरा हे इजिप्तमधले सर्वांत मोठे शहर. ‘मदीना’ म्हणजे शहर. हे नाम एकवचनी आहे आणि त्याला निश्चिततेचा ‘अल्’ लागलेला नाही. ज्या गटातून निवड केली त्या गटाचा एक नमुना तेवढा समोर ठेवला आहे. हेच अनेकवचनात ‘अकबर अल्-मुदुन’, शहरांतले सर्वांत मोठे, असेही म्हणता येते. तेव्हा ‘अल्’ येतो. वर्तमानपत्राच्या मथळ्यांत पहिली रचना सारखी भेटते. ‘पहिल्यांदा’ म्हणायला अरबी ‘अव्वल मर्रा’ म्हणते, तीही हीच रचना आहे. आपल्या ‘अव्वल नंबर’मधला ‘अव्वल’ अरबी व्याकरणकार याच साच्यात बसवतात.

तिसरी जागा अशी, की तुलनेच्या विशेषणालाच ‘अल्’ लावायचा आणि ते नामाच्या मागे ठेवायचे. ‘अल्-इब्न अल्-अकबर’ म्हणजे थोरला मुलगा. इथे मराठीत ‘थोरला’ याहून नेमका शब्द सापडणार नाही. थोरले बाजीराव म्हणताना कोणाहून थोरले ते आपण बोलत नाही, ऐकणाऱ्याला ते ठाऊक असते. अरबीतही ‘अल्’ लागला की ‘मिन’ येत नाही. दोन्ही एकत्र आले की वाक्य चुकले असे समजावे. इमाम हुसेन यांच्या मुलांची नावे, अली अकबर आणि अली असगर, आपल्याकडे मोहरममध्ये ऐकू येतात. त्यांत हाच थोरला-धाकटा भेद आहे.

आणि आतापर्यंत गोठून बसलेले लिंग ‘अल्’ लागताच जागे होते. थोरली मुलगी ‘अल्-बिंत अल्-कुब्रा’ होते. अकबरचे कुब्रा, असगरचे सुग्रा, आझमचे उज्मा, अहसनचे हुस्ना. मुलींची ही नावे आपल्या गावांतही आहेत. अव्वलचे स्त्रीलिंगी ‘ऊला’. इस्लामी कालगणनेतल्या एका महिन्याचे पूर्ण नाव जुमादा अल्-ऊला, पहिला जुमादा.

या जोड्यांतली एक जोडी मराठीत इतकी रुळली आहे, की तिची दोन टोके एकाच घरची आहेत हे ओळखू येत नाही. ‘अदना माणूस’ म्हणताना आपण अरबी ‘अद्ना’ वापरतो. त्याचा मूळ अर्थ अधिक जवळचा, अधिक खालचा. त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘दुन्या’. अरबीत ‘जीवन’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे. परलोकातल्या जीवनापुढे हे इथले, जवळचे, खालचे जीवन म्हणून ‘अल्-हयात अद्-दुन्या’. पुढे नाम गळाले, विशेषण एकटेच उरले आणि फारसीतून आपल्याकडे ‘दुनिया’ झाले. अदना आणि दुनिया यांच्यात नाते आहे ते अकबर आणि कुब्रा यांच्यातलेच.

अद्नाच्या समोरचा शब्द ‘अक्सा’, सर्वांत दूरचा. जेरुसलेमच्या मशिदीच्या नावात तो आहे. आजच्या अरबीत निकटपूर्व ‘अश्-शर्क अल्-अद्ना’, मध्यपूर्व ‘अश्-शर्क अल्-अव्सत’ आणि अतिपूर्व ‘अश्-शर्क अल्-अक्सा’ आहे. तिन्ही विशेषणे याच साच्याची. किमान वेतनाला ‘खालची मर्यादा’ या अर्थाने ‘अल्-हद्द अल्-अद्ना’ म्हणतात. आखातात नोकरी करणाऱ्याने हा शब्द ओळखीचा करून घ्यावा.

अजानमधले ‘अल्लाहु अकबर’ या तीन जागांपैकी कुठे बसते? ‘अल्’ नाही, पुढे नाम नाही, ‘मिन’ही नाही. व्याकरणकारांचे उत्तर असे की ही पहिलीच रचना आहे. तुलनेचे विशेषण विधेय असेल आणि ‘कोणाहून’ हे उघड असेल, तर ‘मिन’चा भाग बोलायची गरज उरत नाही. इथे तो कोणत्याही एका वस्तूपुरता सांगता येण्यासारखा नाही, म्हणून अर्थ ‘सर्वांहून थोर’ असा होतो.

साचा अडतो तो रंगांपाशी. अहमर म्हणजे लाल, अस्वद म्हणजे काळा, अख्दर म्हणजे हिरवा. हे शब्द आधीच अफ्अल साच्याचे आहेत, पण त्यांत तुलना नाही. आंधळा, लंगडा अशा शारीरिक व्यंगांचे शब्दही तसेच. दोन प्रकार वेगळे ओळखायची खूण स्त्रीलिंगी रूपात आहे. अकबरचे कुब्रा होते, पण अहमरचे ‘हुम्रा’ न होता ‘हम्रा’ होते. स्पेनमधल्या ग्रनाडाचा अल्हम्रा राजवाडा म्हणजे ‘लाल’. मग ‘अधिक लाल’ कसे म्हणायचे? ‘अशद्द हुम्रतन’, म्हणजे लालीने अधिक तीव्र. गुणाचे नाम द्वितीयेत ठेवायचे आणि त्याआधी अशद्द (अधिक तीव्र) किंवा अक्सर (अधिक, मूळ उच्चार अक्थर) यांसारखा सर्वसाधारण शब्द घालायचा. चार-पाच व्यंजनांचे लांब शब्दही असेच तुलनेत आणतात. मराठीत या द्वितीयेचे काम ‘ने’ करतो. ‘तो माझ्याहून वयाने मोठा’ हे वाक्य अरबीत ‘हुव अकबर मिन्नी सिन्नन’ होते आणि ‘सिन्नन’ म्हणजे ‘वयाने’. काळा आणि पांढरा यांची तुलना थेट साच्याने करायला कूफा शहराच्या परंपरेतले काही वैयाकरण मान्यता देत, बसऱ्याचे देत नसत.

बोलीभाषांत बराचसा हा पसारा आवरला आहे. काहिरा किंवा दुबईच्या बाजारात ‘फी अर्खस?’, म्हणजे ‘याहून स्वस्त आहे का?’, एवढे पुरते. कुब्रा, उज्मासारखी स्त्रीलिंगी रूपे ठरलेल्या शब्दजोड्यांतच टिकून आहेत. लिखित अरबी वाचायला बसणाऱ्याने मात्र अफ्अल साच्याचा शब्द दिसला की आधी तो रंगाचा नाही ना ते पाहावे. मग लगेच पुढे ‘मिन’ आहे का, नाम आहे का, की शब्दालाच ‘अल्’ लागला आहे, हे तपासावे आणि त्यानंतरच ‘हून’ की ‘सर्वांत’ ते ठरवावे.