पुरानंतर दुकान उघडताना ग्रुपवर काय लिहावं, सूट किती द्यावी?

करडी (ता. मोहाडी) : पुराचं पाणी उतरलं म्हणून दुकान दुसऱ्या दिवशी उघडत नाही. गाळ काढा, भिंती वाळू द्या, लाईनचं फिटिंग तपासून घ्या, खराब माल बाहेर काढा, नवा माल आणा, यात तीन-चार आठवडे सहज जातात. तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची वाट धरते. मग दुकानदार गावाच्या ग्रुपवर मेसेज टाकतो, 'आमचे दुकान पुन्हा सुरू, सर्व मालावर १० टक्के सूट, सर्वांचे आभार'.

मेसेज चांगल्या मनानं लिहिलेला असते, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात दुसरंच येते. दुकान पुरात बुडालं होतं आणि आता सूट देऊन राहिला, म्हणजे भिजलेलाच माल खपवून राहिला का? ही शंका कोणी तोंडावर विचारत नाही. लोक नुसते येत नाहीत.

आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. २०२० च्या ऑगस्टच्या शेवटी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं, वैनगंगा फुगली आणि भंडारा शहरासह नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं. घरं गेली, धान गेला, दुकानंही बुडाली. पुन्हा अशी वेळ आली तर उघडण्याचा मेसेज कसा असावा, ते एका उदाहरणावरून पाहू.

समजा करडीत एक किराणा दुकान आहे. ३१ ऑगस्टच्या सुमारास त्यात कमरेएवढं पाणी होतं आणि दुकान २१ सप्टेंबरला उघडायचं आहे. खालच्या फळ्या बुडाल्या, वरच्या दोन फळ्या कोरड्या राहिल्या. मेसेज लिहिण्याआधी दुकानदाराला आपला माल तीन भागांत लावावा लागते, कारण मेसेजमध्ये खरं काय लिहायचं ते त्यावरूनच ठरते.

पहिला भाग फेकायचा. तांदूळ, डाळ, पीठ, रवा, साखर, मीठ, पोहे, मसाला यांना पुराचं पाणी लागलं की विषय संपला. पुराच्या पाण्यात संडासाचं, गोठ्याचं, शेतातल्या फवारणीच्या औषधाचं सगळं मिसळलेलं असते. पुष्कळांना वाटते की तांदळाचा कट्टा उन्हात पसरला की काम झालं. वरून तो वाळतो, पण आतल्या दाण्याला बुरशी धरते, आणि काही बुरशीचं विष वाळवूनही जात नाही, शिजवूनही जात नाही. ओळखायची खूण म्हणजे कुबट वास, दाण्याचे गोळे, काळे-हिरवे ठिपके. पण एकदा भिजलेला माल खूण दिसली नाही तरी विकू नये. बिस्किटाचे पुडे, चहाच्या पुड्या, आट्याच्या झाकणाच्या बाटल्या याही गेल्याच, कारण झाकणाच्या आट्यात गाळ बसतो आणि तो धुऊन निघत नाही. लाखोळीच्या डाळीची चुंगडी फेकताना जीव तुटते, हे खरं आहे. पण असुरक्षित अन्न विकणं हा अन्न सुरक्षा कायद्यानं गुन्हा आहे, आणि गावात एक घर आजारी पडलं की दुकानाचं नाव कायमचं जाते.

फेकण्याआधी प्रत्येक मालाचे फोटो काढा आणि यादी करा. पंचनाम्याला ते लागतात, विमा असेल तर सर्व्हेअर येईपर्यंत माल हलवायचा नसतो. २०२१ च्या पुरानंतर सरकारनं दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त ५० हजार रुपये मदत जाहीर केली होती. मदत मिळाली तर ती पंचनाम्यावरच मिळते. म्हणून ग्रुपवर 'आमचं काहीच नुकसान झालं नाही' असं बढाईचं वाक्य लिहू नका. इकडे नुकसान सांगायचं आणि तिकडे नाही म्हणायचं, हे अंगावर येऊ शकते.

दुसरा भाग म्हणजे पाणी लागलं तरी वापरता येणाऱ्या वस्तू. प्लास्टिकच्या बादल्या, स्टीलची भांडी, विळे, फावडे, कुलपं. ह्या धुऊन, पुसून, उन्हात वाळवून विकता येतात, पण त्या ओसरीत वेगळ्या मांडाव्या आणि 'पाणी लागलेला माल' अशी पाटी लावून अर्ध्या किमतीत द्याव्या. पाटी लावली की लोकांना उलट विश्वास वाटते, कारण जो लपवत नाही त्याचा बाकीचा माल चांगला असणार असं ते धरतात. तिसरा भाग वरच्या फळ्यांवरचा कोरडा माल आणि नवीन आणलेला.

काट्याचंही पाहावं लागते. इलेक्ट्रॉनिक काटा बुडाला तर आतून गंजतो आणि कधी पाव किलोला दहा-वीस ग्रॅमचा फरक दाखवतो. घरी वाळवून तो चालू झाला म्हणजे बरोबर झाला असं नाही. दुरुस्त केलेला काटा वैधमापन खात्याकडून पुन्हा तपासून, शिक्का मारूनच वापरायचा असतो. गिऱ्हाइकाला हा फरक दिसत नाही, म्हणून मेसेजमध्ये एक ओळ त्याचीही असावी.

आता सुटीचा हिशेब, कारण इथंच दुकानदार फसतो. समजा उघडल्यानंतर आठ दिवसांत ४० हजारांची विक्री झाली. त्यातले १५ हजार तेल आणि साखरेचे, ज्यात शंभराला तीन रुपये सुटले असं धरू. म्हणजे ४५० रुपये. बाकी २५ हजारांच्या मालात शंभराला दहा धरले तर २,५०० रुपये. आठ दिवसांची एकूण कमाई २,९५० रुपये झाली. सगळ्या मालावर १० टक्के सूट दिली तर ४,००० रुपये जातात. म्हणजे पुरात माल गेला तो गेलाच, वरून १,०५० रुपये घरातून टाकावे लागतील. असं झालं की काही जण आधी भाव वाढवतात आणि मग सूट दाखवतात. पण मोहाडीच्या बाजारात साखरेचा भाव काय आहे ते गावातल्या बाईला दुकानदाराएवढंच माहीत असते.

त्यापेक्षा असं करा. तेल-साखर सोडून बाकी मालाच्या ३०० रुपयांच्या खरेदीवर १५ रुपये कमी. २५ हजारांच्या विक्रीत असे फार तर ८३ बिल होतील, त्याचे १,२४५ रुपये. हातात १,७०५ रुपये उरतात. स्वतःच्या दुकानाचे आकडे घालून हा हिशेब प्रत्येकानं मांडावा, टक्के वेगळे निघतील पण रीत हीच.

बिलाची रक्कम ३०० च का, हजार का नाही? कारण ज्या पुरानं दुकान बुडवलं त्यानंच गिऱ्हाइकाच्या बांध्याही बुडवल्या. सप्टेंबरात हाती पैसा नसते, धानाचे चुकारे दिवाळीनंतर येतात. हजाराच्या खरेदीवरची सूट नोकरीवाल्या चार घरांना मिळेल, आणि ज्यांचे आभार मानायचे ते तसेच राहतील.

आभार कशाचे, तेही स्पष्ट लिहावं. 'सर्व ग्राहकांचे आभार' हे लग्नपत्रिकेतल्या ओळीसारखं वाटते. कोणी गाळ काढायला फावडं घेऊन आलं, कोणी आपल्या घराच्या माळ्यावर चुंगड्या ठेवू दिल्या, कोणी उधारी न मागता आणून दिली. काम लिहा. नावं लिहायची असतील तर त्यांना विचारून लिहा. उधारीवाल्यांची नावं मात्र ग्रुपवर कधीच टाकू नका.

उधारीची वही भिजली असेल तर घाईनं पानं सोडवू नका, शाई आणि कागद दोन्ही जातात. वही सावलीत उभी ठेवा, वरची ओल गेली की पानांच्या मध्ये कोरा कागद घालत जा, आणि जे पान सुटेल त्याचा लगेच मोबाईलवर फोटो काढा. जे वाचता येणार नाही ते गिऱ्हाइकाच्या आठवणीवर सोडावं लागते, ते मेसेजमध्ये मोकळेपणानं सांगून टाका.

हे सगळं धरून मेसेज असा होईल :

'नमस्कार. पुरामुळे तीन आठवडे बंद असलेलं आपलं किराणा दुकान सोमवार, २१ सप्टेंबरला सकाळी ८ वाजता उघडत आहे. गाळ काढायला आलेली गावातली पोरं आणि आपल्या घरात माल ठेवू देणारे शेजारी यांचे मनापासून आभार. पाणी लागलेला खाण्याचा सगळा माल फेकला आहे. दुकानातलं धान्य, पीठ, मसाला नवीन आणला आहे, बिल पाहायला मिळेल. काटा तपासून शिक्का मारून आणला आहे. २१ ते २८ सप्टेंबर, तेल-साखर सोडून ३०० रुपयांच्या खरेदीवर १५ रुपये कमी, नगदी असो की उधार. पाणी लागलेल्या बादल्या आणि भांडी ओसरीत वेगळी ठेवली आहेत, अर्ध्या किमतीत. उधारीची काही पानं पुसली आहेत. ज्यांना आपला हिशेब आठवतो त्यांनी येऊन सांगावा, घाई नाही.'

यात तारीख, वेळ आणि सुटीचा शेवटचा दिवस आहे, ते विसरू नका. फॉरवर्ड झालेला मेसेज दिवाळीतही कोणाच्या तरी मोबाईलवर फिरत राहते आणि शेवटचा दिवस लिहिलेला नसला की तेव्हा भांडण होते. फोटो टाकायचा असेल तर हाराचा किंवा फुग्यांचा टाकू नका, नवीन मालाच्या फळीचा टाका. भिंतीवर पाणी कुठवर होतं ती खूणही फोटोत दिसू द्या. वरच्या फळीवरचा माल कोरडा राहिला हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

मेसेज आदल्या दिवशी संध्याकाळी टाका, लोक शेतातून घरी आल्यावर. पंधरा दिवस आधी टाकला आणि वायरमन आला नाही म्हणून दुकान उघडलं नाही, असं होऊ देऊ नका. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांच्यासाठी हाच मजकूर हातानं लिहून दाराला चिकटवा.