पगार वाढला, हप्ता वाढला का?

मैत्रिणींनो, आपल्या कारेगावात कितीतरी घरं रांजणगाव एमआयडीसीतल्या पगारावर चालतात. परवा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "ताई, आमची एसआयपी दोन हजारांचीच आहे. पगार वाढतो, पण वाढ कुठे जाते कळतच नाही." मग आम्ही वही घेऊन बसलो.

महिना २००० रुपये, १५ वर्षं, आणि हिशेबापुरता १२ टक्के परतावा धरला. साधारण १० लाख होतात. तोच हप्ता दरवर्षी १० टक्क्यांनी वाढवला, म्हणजे दुसऱ्या वर्षी २२००, तिसऱ्या वर्षी २४२०, तर सव्वासतरा लाखांच्या वर जातात. वहिनी म्हणाल्या, "अगंबाई!" पण ही जादू नव्हे. पहिल्या हिशेबात आपले ३ लाख ६० हजार जातात, दुसऱ्यात सुमारे ७ लाख ६३ हजार. शेवटच्या वर्षी हप्ता साडेसात हजारांपुढे असतो. शिवाय १२ टक्क्यांची हमी कुणीच देत नाही. बाजार पडला तर रक्कम कमी होईल.

हप्ता आपोआप वाढायचा असेल, तर फॉर्मवर 'टॉप-अप' निवडावा लागतो. बँकेच्या मॅन्डेटची मर्यादाही बघा. ती ५००० असेल, तर अकराव्या वर्षीचा ५१८७ चा हप्ता अडकेल. पोस्टाच्या आरडीत मात्र हप्ता वाढवता येत नाही, दुसरं खातं काढावं लागतं.

वहिनींच्या घरी नोकरी कंत्राटी, वाढ दरवर्षी होईलच असं नाही. म्हणून त्यांनी टॉप-अप घेतला नाही. ज्या वर्षी पगार वाढेल, त्या वर्षी पाचशेची वेगळी एसआयपी सुरू करायची, असं ठरवलं.